तिसऱ्या, उधाण आणि सहामाही अहवाल: संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा हिशेब मांडताना

पीएच.डी.च्या सहामाही प्रगती अहवालाचा छापील नमुना बहुतेक ठिकाणी दोन-तीन पानांचाच असतो. नाव, नोंदणीची तारीख, विषय, मार्गदर्शक, आणि खाली तीन मोठे चौकोन: या कालावधीत पूर्ण केलेलं काम, आलेल्या अडचणी, पुढील सहा महिन्यांचं नियोजन. चौकोन भरायला एक संध्याकाळ पुरते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे हा अहवाल प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरणासह मांडायचा असतो. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं लिहून सुधारणा सुचवायच्या असतात. त्या सुधारणा झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारससुद्धा समिती करू शकते. म्हणून 'अडचणी'च्या चौकोनात काय लिहिलं जातं आणि ते 'पूर्ण केलेलं काम' व 'नियोजन' या चौकोनांशी कसं जुळतं, याला फार महत्त्व आहे.

इथे मी जुलै ते डिसेंबर या एका सहामाहीचा अहवाल उलगडून दाखवतो. विषय आहे रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या तिसऱ्यांचा, म्हणजे गाळात राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांचा: पाणी, गाळ आणि तिसरीची प्रकृती यांचा वर्षभराचा संबंध. कामाचा आराखडा साधा आहे. खाडीत तीन ठिकाणं: 'अ' मुखाजवळ, 'ब' मध्यावर, 'क' वरच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात गोड्या पाण्याचा जोर सर्वांत जास्त. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणी एक फेरी. एका फेरीत पाण्याचे नमुने, गाळाचे ३ नमुने आणि ठरावीक आकाराच्या ३० तिसऱ्या. जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत बारा महिने हे करायचं. अहवाल त्यातल्या पहिल्या सहा महिन्यांचा.

पहिली पायरी म्हणजे ठरलेलं आणि झालेलं शेजारी-शेजारी मांडणं. सहा महिने, तीन ठिकाणं, म्हणजे १८ फेऱ्या ठरल्या होत्या. जुलैमध्ये एकही झाली नाही. ऑगस्टमध्ये 'अ' आणि 'ब' झाल्या, 'क'कडे जाणारी बांधावरची वाट पाण्याखाली होती. सप्टेंबर ते डिसेंबर सगळ्या बाराच्या बारा झाल्या. एकूण १४. गाळाचे नमुने त्यामुळे ५४ ऐवजी ४२. तिसऱ्या ५४० ऐवजी ३९०.

शेवटचा आकडा लक्ष देऊन पाहायला हवा, कारण तो फेऱ्यांच्या हिशेबाशी जुळत नाही. १४ फेऱ्या गुणिले ३० म्हणजे ४२० तिसऱ्या व्हायला हव्यात. ३० कमी का? तर सप्टेंबरमध्ये 'क' ठिकाणी शोधून-शोधून ११च जिवंत तिसऱ्या मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये १९. बाकीची सगळी ठिकाणं पूर्ण भरली. हा ३० चा फरक 'अडचणी'च्या चौकोनात टाकण्याचा मोह होतो, आणि अनेक अहवालांत तो तिथेच दिसतो: "पुरेसे नमुने उपलब्ध झाले नाहीत." पण ही अडचण नाहीच. गेलो, शोधलं, आणि तिसऱ्या नव्हत्या, हे निरीक्षण आहे. पावसाळी लोंढ्यात वरच्या खाडीतली क्षारता जवळजवळ शून्यावर येते. तिसरी शिंपला घट्ट मिटून काही दिवस काढते, पण गोडं पाणी हटलंच नाही तर मरते. ते तिथे घडलं की नाही, हाच तर संशोधनाचा प्रश्न.

याचा पुरावा गाळातच असतो. नुकत्याच मेलेल्या तिसरीचे दोन्ही शिंपले बिजागरीपाशी जोडलेले राहतात, आत गाळ भरलेला असतो, बिजागरीची तपकिरी पट्टी अजून चिवट असते. जुना शिंपला सुटा, झिजलेला, कडा बोथट झालेला असतो. एक चौरस मीटरची चौकट टाकून जिवंत तिसऱ्या, जोडलेले रिकामे शिंपले आणि सुटे शिंपले अशा तीन मोजण्या वेगळ्या लिहिल्या, तर 'क'वर लोंढ्यात मर झाली की तिथे मुळातच तिसऱ्या कमी होत्या, हे सांगता येतं. अहवालात ही मोजणी 'पूर्ण केलेल्या कामा'त जायला हवी. ओहोटीला तिसऱ्या काढायला येणाऱ्या मावशींचंही म्हणणं हेच असतं की वरचा भाग पावसात रिता होतो आणि थंडीत पुन्हा भरतो. ते म्हणणं नोंदवहीत तारखेसह लिहावं. समितीपुढे मात्र मोजणी ठेवावी.

इथूनच सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: तक्त्यात शून्य आणि रिकामी जागा एक नव्हेत. जुलैच्या 'क'समोर आडवी रेघ हवी, म्हणजे "फेरी झाली नाही". फेरी होऊन एकही जिवंत तिसरी मिळाली नसती, तर तिथे ० आला असता. स्प्रेडशीटमध्ये हा फरक लगेच अंगावर येतो, कारण सरासरी काढताना ते रिकामे चौकोन वगळतं आणि शून्य मोजतं. न झालेल्या फेरीसमोर ० टाकला तर पावसाळ्यातली सरासरी खोटी खाली येते. खऱ्या शून्याची जागा रिकामी सोडली तर मर झाल्याची खूणच पुसली जाते. समितीतले बाहेरचे सदस्य तक्ता पाहताना पहिलं बोट बहुधा इथेच ठेवतात: "हे रिकामं का? तिसऱ्या मिळाल्या नाहीत, की तुम्ही गेला नाहीत?" तक्त्याखाली एका ओळीत चिन्हांचा अर्थ लिहिलेला असला की हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

आता खऱ्या विलंबाकडे. या सहामाहीत दोन विलंब झाले, आणि ते दोन जातींचे आहेत. ही जात ओळखण्यावर पुढचं सगळं नियोजन उभं राहतं.

पहिला विलंब हंगामाचा. तिसऱ्यांचा पट्टा उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. मधल्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसं खाली उतरत नाही. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते. त्यामुळे उजेडात काम करायचं तर अमावस्या किंवा पौर्णिमा होऊन गेल्यावर दोन-तीन दिवस हाताशी लागतात. महिन्यात अशा दोनच संधी. जुलैमध्ये दोन्ही वेळा पावसाचा लाल इशारा होता, नदीचं पाणी खाडीत भरून राहिलं होतं, आणि ओहोटीच्या वेळीही पट्टा उघडा पडला नाही. वरून होड्याही किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या होत्या, त्यामुळे पलीकडे जायचं साधनही नव्हतं. अशा परिस्थितीत जुलै गेला तो गेला. ऑगस्टमध्ये दुप्पट नमुने घेऊन तो परत येत नाही.

अहवालात हे लिहिताना "अतिवृष्टीमुळे नमुने घेता आले नाहीत" एवढं पुरत नाही. समितीला तीन गोष्टी लागतात: कोणत्या तारखांना संधी होती, त्या तारखांना काय आड आलं, आणि त्यामुळे कोणत्या उद्दिष्टाचं काय गेलं. पहिल्या दोन गोष्टींसाठी भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या तारखा आणि हवामान खात्याचा त्या दिवसांचा इशारा व पाऊस परिशिष्टात जोडावा. अर्ध्या पानाचं काम आहे. तिसरी गोष्ट खरी कठीण. जुलै नसल्याने पाण्याच्या उद्दिष्टात वर्षातली सर्वांत कमी क्षारता नेमकी किती होती हे आपल्याला कळणार नाही. तिसऱ्यांच्या उद्दिष्टात ती मर केव्हा सुरू झाली हे कळणार नाही, फक्त सप्टेंबरमध्ये 'क'वर काय उरलं तेवढं कळेल. गाळाच्या उद्दिष्टाचं नुकसान त्यामानाने कमी आहे. या तीन वाक्यांत विलंब किती खोल गेला ते समजतं, आणि समितीही त्याच भाषेत बोलू लागते.

दुसरा विलंब प्रयोगशाळेचा. गाळातला सेंद्रिय अंश काढायला ठरलेली पद्धत म्हणजे सुकवलेला गाळ मफल भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला चार तास जाळायचा आणि वजनातली घट मोजायची. ४२ पैकी १२ नमुने झाले आणि भट्टीची तापवणारी कॉइल जळाली. दुरुस्तीला माणूस बाहेरगावाहून यायचा, सुटा भाग मिळायचा, त्यात सहामाही संपली. ३० नमुने शिल्लक. पण हा विलंब भरून काढता येतो, कारण गाळ ६० अंशांवर सुकवून, कुटून, चाळून, हवाबंद पिशव्यांत नाव-तारीख-ठिकाणासह ठेवलेला आहे. ओला गाळ साध्या तापमानाला पडून राहिला असता तर जंतूंनी सेंद्रिय भाग खाल्ला असता आणि नमुने वाया गेले असते. म्हणून 'विश्लेषण बाकी' या तीन शब्दांऐवजी नमुने कोणत्या अवस्थेत साठवले आहेत हे लिहायचं असतं. तेवढ्या एका वाक्यावरून समितीला कळतं की हा विलंब दिवसांचा आहे, ऋतूचा नाही.

हाच भेद बाकीच्या कामालाही लावून पाहता येतो. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खाडीवरच रसायनं घालून बाटलीत स्थिर केला जातो आणि त्याच दिवशी मोजला जातो, तिथे काही साचून राहत नाही. तिसऱ्यांच्या जननग्रंथी बोइनच्या द्रावणात स्थिर करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या आहेत. त्यांचे मेणातले ठोकळे आणि छेद सावकाश झाले तरी चालतात. म्हणून छेदांचं काम अर्धवट असलं तरी ते विलंबाच्या यादीत नेऊन बसवायचं कारण नाही. ते चालू काम आहे.

भट्टीच्या प्रश्नावर समितीतून हमखास एक सूचना येते, आणि ती येणार हे धरूनच अहवाल लिहावा. "भट्टी बंद आहे तर वॉकली-ब्लॅक करा ना." या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाने सेंद्रिय कर्बाचं ऑक्सिडीकरण करतात आणि उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करतात. काचसामान आणि ब्युरेट असलं की होतं, भट्टी लागत नाही, शेतीच्या प्रयोगशाळांत ती रोजची पद्धत. सूचना चांगल्या मनाने केलेली असते. पण खाडीच्या गाळात मीठ असतं, आणि त्यातलं क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट वापरून टाकतं. परिणामी कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि मुखाजवळच्या खारट गाळात तो वरच्या गाळापेक्षा अधिक फुगतो. म्हणजे 'अ' आणि 'क' यांच्यातला जो फरक शोधायचा, त्यातच ही चूक जाऊन मिसळते. आम्लात सिल्व्हर सल्फेट घातलं तर क्लोराइड बांधलं जातं, पण ते महाग पडतं. गाळ धुऊन मीठ काढलं तर पाण्यात विरघळणारा सेंद्रिय भाग आणि बारीक कण दोन्ही वाहून जातात.

आणखी एक मुद्दा आहे. दोन्ही पद्धती एकच गोष्ट मोजत नाहीत. भट्टीत जळून घटणाऱ्या वजनात सेंद्रिय पदार्थासोबत चिकणमातीत अडकलेलं पाणीही जातं, त्यामुळे चिकण गाळात आकडा वर जातो. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा कर्ब जळत नाही, सुमारे ७७ टक्केच जळतो असं धरून १.३ ने गुणतात. एकाचा आकडा ठरीव गुणकाने दुसऱ्यात बदलता येतो हे पुस्तकातलं सोयीचं गृहीतक आहे, खाडीच्या गाळात त्यावर विसंबू नये. १२ नमुने भट्टीचे आणि ३० टायट्रेशनचे एकाच स्तंभात लिहिले, तर तो स्तंभ प्रबंधात परीक्षक एका प्रश्नात मोडून काढतील.

म्हणून अहवालातला प्रस्ताव असा होता: मुख्य पद्धत भट्टीचीच राहील. भट्टीत झालेल्या १२ पैकी १० नमुने, प्रत्येक ठिकाणचे निदान तीन येतील असे निवडून, सिल्व्हर सल्फेट घालून वॉकली-ब्लॅकनेही करायचे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. भट्टी ठरलेल्या तारखेपर्यंत सुरू झाली नाही तर सगळेच्या सगळे ४२ नमुने, आधी झालेले १२ धरून, दुसऱ्या पद्धतीने करायचे. पद्धत बदलली तर सगळ्यांची बदलेल. हे ठरलं की ते इतिवृत्तात शब्दशः यायला हवं, कारण पद्धत बदलणं म्हणजे मंजूर आराखड्यात बदल, आणि तीन वर्षांनी "हे कोणी ठरवलं?" असं विचारलं गेलं तर उत्तर कागदावर असावं लागतं.

सुधारित नियोजनात सर्वांत दुबळी वाक्यं "लवकरच", "प्रयत्न करण्यात येईल", "पुढील सत्रात पूर्ण होईल" ही. त्यांच्या जागी गणित हवं. भट्टीत एका वेळी १२ क्रुसिबल राहतात. प्रत्येक नमुना दोनदा करायचा, म्हणजे ३० नमुन्यांना ६० क्रुसिबल, पाच घाणे. रिकामं क्रुसिबल तापवून वजन, १०५ अंशांवर सुकवून पुन्हा वजन, चार तास जाळणं, भट्टी उतरू देणं, डेसिकेटरमध्ये गार करून शेवटचं वजन. डेसिकेटरमधला सिलिका जेल निळा आहे ना हे पाहायचं. तो गुलाबी झाला असेल तर राख हवेतलं पाणी ओढते आणि आपल्या दमट हवेत वजन तराजूवरच वाढताना दिसतं. एका घाण्याला दोन कामाचे दिवस धरले तर थकलेल्या कामाला दहा दिवस लागतात. शिवाय दर महिन्याला ९ नवे नमुने येतातच, म्हणजे १८ क्रुसिबल, दीड घाणा, तीन दिवस. भट्टी जानेवारीअखेर सुरू झाली तर फेब्रुवारीत जुने दहा दिवस अधिक जानेवारी-फेब्रुवारीच्या नव्या नमुन्यांचे सहा दिवस असे सोळा कामाचे दिवस होतात. उधाणाच्या फेऱ्या आणि छेदांचं काम धरून ते एका महिन्यात घट्ट बसतं, म्हणून नियोजनात मार्चमध्याची तारीख दिली. मार्चमध्याची ही तारीख अशी मोडून दाखवली की समिती ती मान्य करते, कारण तिला ती तपासून पाहता येते.

जुलैच्या पोकळीचं काय? तीन वाटा होत्या. पहिली, जुलै सोडून द्यायचा आणि दावा तेवढाच करायचा. दुसरी, पुढच्या जुलैत नमुने घेऊन ते या वर्षाच्या तक्त्यात बसवायचे. ही वाट सरळ नाकारायची. कोकणातला एक पावसाळा दुसऱ्यासारखा नसतो. पाऊस केव्हा सुरू झाला, खंड किती पडला, लोंढे किती आले यावर खाडीतली क्षारता ठरते. एका वर्षाचा जून, दुसऱ्याचा जुलै आणि पुन्हा पहिल्याचा ऑगस्ट जोडून काढलेली रेषा कोणत्याच वर्षाची नसते. तिसरी वाट, जी अहवालात मांडली आणि समितीने थोडी वाढवून घेतली: पुढच्या वर्षी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे तीन महिने पुन्हा करायचे आणि ते दुसऱ्या वर्षाचे म्हणून स्वतंत्र दाखवायचे. ऑगस्ट-सप्टेंबर दोन्ही वर्षांत असल्याने दोन पावसाळे एकमेकांपासून किती दूर आहेत याचा अंदाज येतो, आणि मग नव्या जुलैबद्दल किती ठामपणे बोलायचं ते ठरवता येतं. ऑगस्टचा 'क' मात्र पहिल्या वर्षी नाही, तेव्हा तिथे तुलना सप्टेंबरपुरतीच राहील, हेही त्याच परिच्छेदात लिहिलेलं बरं.

याची किंमतही लिहायची असते. क्षेत्रकाम जूनऐवजी सप्टेंबरअखेर संपेल, म्हणजे तीन महिने पुढे. छेदांचं आणि गाळाचं काम त्याच काळात समांतर चालणार असल्याने प्रबंधाचा कच्चा मसुदाही तीनच महिने सरकतो. नियमावलीत प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षं आहेत, आणि नोंदणी तिसऱ्या वर्षात असताना हा बदल त्या मर्यादेत आरामात बसतो. हेच पाचव्या वर्षात घडलं असतं तर पहिली वाट धरणं शहाणपणाचं ठरलं असतं. त्यामुळे नोंदणीची तारीख आणि मर्यादेची तारीख नियोजनाच्या तक्त्यातच, वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.

सुधारित नियोजनात पुढच्या पावसाळ्यासाठी पर्यायी पायरीही असावी, नाहीतर तोच लाल इशारा पुन्हा तेच करील. अमावस्येची संधी हुकली तर पौर्णिमेची. तीही हुकली तर पट्ट्यावर न जाता, रस्त्यावरून सुरक्षित पोचता येईल अशा पुलावरून किंवा जेटीवरून दोर बांधलेल्या बादलीने पाणी घ्यायचं, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा. तिसऱ्या मिळणार नाहीत, गाळ मिळणार नाही, पण क्षारतेची नोंद तुटणार नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर एक-दोनच्या आसपासची क्षारता नीट वाचता येत नाही, तेव्हा पावसाळ्यातलं पाणी कंडक्टिव्हिटी मीटरवर मोजायचं. ही नोंद तक्त्यात वेगळ्या खुणेने दाखवायची, कारण ठिकाण वेगळं आणि पृष्ठभागाचंच पाणी असतं. खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर होतात, आणि तिसरी खालच्या थरात असते.

छापील नमुन्यात 'एकूण प्रगती (टक्के)' असा एक चौकोन असतो. तिथे एकच आकडा टाकायचा आग्रह कार्यालयाकडून होतो. फेऱ्या १८ पैकी १४ म्हणजे ७८ टक्के, गाळाचं विश्लेषण ४२ पैकी १२ म्हणजे २९ टक्के. यांची सरासरी ५३-५४ येते आणि तिला काहीच अर्थ नाही, कारण पहिल्यातला उरलेला भाग वर्षभर मिळणार नाही आणि दुसऱ्यातला मार्चपर्यंत संपेल. चौकोनात "परिशिष्ट १ पाहावे" लिहून दोन्ही आकडे तिथे वेगळे द्यावेत. मार्गदर्शकांनी पाठराखण केली की कार्यालय ते स्वीकारतं.

प्रकाशनांच्या रकान्यात 'सादर', 'फेरबदलासाठी परत', 'स्वीकृत' आणि 'प्रकाशित' हे चार शब्द काटेकोर वापरावेत. मागच्या बैठकीतल्या सूचनांचा तक्ता सगळ्यांत आधी लावावा: सूचना, काय केलं, कुठे दिसेल. या अहवालात मागची सूचना होती की प्रकृती निर्देशांकासाठी तिसऱ्यांचा आकार बांधून घ्या. हा निर्देशांक म्हणजे सुक्या मांसाचं वजन भागिले सुक्या शिंपल्याचं वजन, गुणिले १००. लहान आणि मोठ्या तिसरीत तो मुळातच वेगळा येतो, त्यामुळे आकार मोकळा सोडला तर महिन्या-महिन्यांतला फरक प्रकृतीचा की आकाराचा हे सांगता येत नाही. म्हणून व्हर्नियरने मोजून ३० ते ४० मिलिमीटर लांबीच्याच तिसऱ्या घेतल्या. उत्तर एका ओळीचं, सोबत पान क्रमांक.

सादरीकरणाला पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यातली पाच सदस्य स्थिरस्थावर होण्यात जातात. प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, खाडीचे फोटो यांत उरलेली दहा घालवू नयेत. समितीने हे मागेच ऐकलेलं असतं. पहिला पडदा मागच्या सूचनांचा, दुसरा १८ चौकोनांचा तक्ता, तिसरा दोन विलंबांचा, चौथा सुधारित वेळापत्रकाचा. निकालांचे आलेख त्यानंतर, वेळ उरला तर. तक्ता आधी दाखवल्याने चर्चा त्याच्याभोवती होते, आणि "सर, हे जुलैमध्ये शक्य नव्हतं" असं बचावाचं बोलावं लागत नाही, कारण समितीतल्या मॅडम स्वतःच विचारतात, "मग पुढच्या जुलैला काय करणार?" ज्याचं उत्तर पुढच्या पडद्यावर असतं.

अहवालाची प्रत सदस्यांना आठवडाभर आधी गेलेली बरी, ईमेलने आणि छापील दोन्ही. बैठक संपली की सूचना सदस्यांच्या शब्दांत त्याच दिवशी टिपून मार्गदर्शकांना पाठवाव्यात, कारण इतिवृत्त तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर "तीन महिने पुन्हा करा"चं "पावसाळा पुन्हा करा" होऊन बसतं. तीन महिने आणि चार महिने यांत या आराखड्यात तीन फेऱ्या, गाळाचे नऊ नमुने आणि नव्वद तिसऱ्यांचा फरक आहे. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या झाल्या की त्याची एक प्रत पुढच्या सहामाहीच्या अहवालाच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावायची. जानेवारी ते जूनच्या अहवालातला पहिला तक्ता तिच्यावरूनच भरायचा असतो: भट्टी केव्हा सुरू झाली, दहा नमुन्यांची तुलना काय सांगते, आणि जुलैच्या दोन्ही संधींच्या तारखा कोणत्या.